मराठी प्रत्यय आणि यांत्रिक शब्दशोध : सामान्यरूपापाशी थांबण्याचा एक नियम

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या अभ्यासकास दुष्काळाच्या काळातील पाणीपुरवठ्याविषयी माहिती हवी आहे, आणि संगणकावर चढविलेल्या जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात तो 'विहीर' हा शब्द शोधतो आहे, अशी कल्पना करावी. यंत्र अक्षराशी अक्षर ताडून पाहते. त्यामुळे 'विहीर आटली' हे वाक्य त्यास सापडते. परंतु 'विहिरीत', 'विहिरीवरून', 'विहिरीचे', 'विहिरींसाठी' ही रूपे ज्या वाक्यांत आली आहेत, ती सर्व वाक्ये त्याच्या दृष्टीआड राहतात. शब्दाच्या आरंभीची अक्षरे जुळली म्हणजे पुरे, अशी सवलत यंत्रास दिली तरीही येथे उपयोग होत नाही. कारण 'विहीर' यातील दीर्घ 'ही' हा 'विहिरीत' या रूपात ऱ्हस्व झालेला असतो.

या उणिवेचा विशेष असा की, ती स्वतःहून कधीच प्रकट होत नाही. शोध फसला असे यंत्र सांगत नाही. ते केवळ थोडी पाने पुढे ठेवते. ती पाने पाहून, 'या संग्रहात विषयाचे उल्लेख तुरळक आहेत' असा निष्कर्ष अभ्यासक काढतो, आणि तो निष्कर्ष वस्तुतः संग्रहाविषयीचा नसून मराठीच्या विभक्तिप्रक्रियेविषयीचा असतो.

यावरील प्रचलित उपाय म्हणजे शब्दाच्या अंती येणाऱ्या प्रत्ययांची एक यादी करून, ते प्रत्यय काढून टाकल्यावर उरणारा भाग सूचीत नोंदविणे. इंग्रजीत या क्रियेस 'स्टेमिंग' म्हणतात. इंग्रजीसाठी ज्यूली लव्हिन्स यांनी १९६८ मध्ये आणि मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये अशा नियमावल्या प्रसिद्ध केल्या. हिंदीसाठी रामनाथन व राव यांची एक सुटसुटीत यादी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यय काढल्यावर जो भाग सूचीत नोंदला जातो, त्यास प्रस्तुत लेखात 'शोधरूप' असे म्हटले आहे. मराठीत ही यादी कोठपर्यंत चालवावी आणि कोठे थांबवावी, एवढाच येथे विचार कर्तव्य आहे. विचार नामांपुरता मर्यादित ठेवला आहे. क्रियापदांचा उल्लेख शेवटी येईल.

२. नामाची दोन आवरणे

हिंदीत 'घर में', 'माली ने', 'कुएँ से' असे लिहिले जाते. कारकचिन्ह नामापासून सुटे असल्यामुळे हिंदीच्या नियमावलीस नामाच्या अंत्य स्वरात झालेला बदल तेवढा सांभाळावा लागतो. मराठीत 'घरात', 'माळ्याने', 'विहिरीतून' हे एकेक अखंड शब्द आहेत. शिवाय प्रत्यय मूळ नामास न लागता त्याच्या सामान्यरूपास लागतो, हे मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र सांगितलेले आहे.

म्हणून मराठी नामाभोवती दोन आवरणे आहेत, असे मानणे सोयीचे ठरते. बाहेरचे आवरण विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि 'च', 'ही' यांसारखे निपात यांचे. आतले आवरण सामान्यरूपाचे. 'माळ्यांनाही' या शब्दात 'ही' आणि 'ना' ही बाह्य आवरणातील अंगे होत. 'माळी' याचे 'माळ्यां' होणे हा आतील आवरणाचा भाग होय. ही दोन आवरणे उतरविण्याची क्रिया वरवर एकसारखी दिसते. परंतु पुढील विवेचनावरून असे ध्यानी येईल की, पहिली बहुधा निर्धोक आहे आणि दुसरी नाही.

३. बाह्य आवरणाची यादी व तिच्या अटी

बाह्य आवरणाची किमान यादी पुढीलप्रमाणे देता येईल :

(अ) निपात : च, ही, सुद्धा, देखील.
(आ) शब्दयोगी अव्यये : साठी, कडे, कडून, पासून, पर्यंत, बरोबर, मध्ये, मुळे, विषयी, शिवाय, प्रमाणे, समोर, जवळ, खाली, वर, वरून, पुढे, मागे.
(इ) संबंधदर्शक : चा, ची, चे, च्या, तला, तली, तले, तल्या, तील.
(ई) विभक्तिप्रत्यय : ला, ना, स, ने, नी, शी, त, तून, हून.

यादी शब्दाच्या शेवटाकडून चालवावयाची, आणि प्रत्येक वेळी लागू पडणारा सर्वांत लांब प्रत्यय प्रथम काढावयाचा. 'माळेतला' यातून 'तला' काढला म्हणजे 'माळे' उरते. नुसता 'ला' काढला असता 'माळेत' असे अर्धवट रूप हाती आले असते. एक प्रत्यय काढल्यावर उरलेल्या भागाच्या अंती अनुस्वार असेल तर तोही काढावा, आणि यादी पुन्हा आरंभापासून चालवावी.

यादी चालविण्यापूर्वी लेखनाची एक बाब उरकून घेतली पाहिजे. 'शेतकरी' या शब्दात साधा 'र' आहे, तर 'शेतकऱ्यांना' यात अर्धचंद्राकृती 'ऱ' आहे. हा दुसरा वर्ण संगणकात कधी U+0931 या संकेताने, तर कधी साधा 'र', हलन्तचिन्ह आणि U+200D हा अदृश्य संकेत अशा क्रमाने साठविलेला असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रास मात्र ते भिन्न आहेत. म्हणून सर्व 'ऱ' साध्या 'र'मध्ये बदलून अदृश्य संकेत आधीच काढून टाकावेत. तसे न केल्यास शेतकऱ्यांविषयीचा शोध अर्ध्या वाटेवरच थांबतो, आणि दोष कोठे आहे हे डोळ्यांनी पाहून कळत नाही.

केवळ एवढी यादी चालविली तर मात्र अनर्थ होईल. 'भारत' याचा 'भार' होईल, 'दिवस' याचा 'दिव', 'कल्पना' याचा 'कल्प', 'मिरची' याचा 'मिर', 'काच' याचा 'का'. शब्दाचे अंत्य अक्षर प्रत्ययासारखे दिसणे आणि ते प्रत्यय असणे या भिन्न गोष्टी आहेत. इंग्रजी नियमावल्या हा भेद मुख्यतः उरलेल्या भागाच्या लांबीवरून करतात. मराठीस त्याहून चांगले साधन उपलब्ध आहे, आणि ते व्याकरणानेच दिलेले आहे. प्रत्यय सामान्यरूपास लागतो, आणि सामान्यरूपाच्या अंती प्रायः आ, ई, ऊ किंवा ए यांपैकी एक स्वर असतो. व्यंजनावर केवळ 'अ' असलेले सामान्यरूप मराठी नामांत सहसा आढळत नाही. त्यावरून पुढील तीन अटी निष्पन्न होतात :

(१) प्रत्यय काढल्यावर किमान दोन अक्षरे उरली पाहिजेत.
(२) उरलेल्या भागाच्या अंती आ, ई, ऊ, ए यांपैकी स्वर असला पाहिजे. अथवा त्या भागाच्या अंती यादीतील दुसरा एखादा प्रत्यय असून तोही याच अटींनी निघाला पाहिजे.
(३) 'ना' व 'नी' हे अनेकवचनाचे प्रत्यय असल्यामुळे त्यांच्या आधी अनुस्वार असला पाहिजे.

आता 'भारत'मधून 'त' काढला तर 'भार' उरते, त्याच्या अंती अपेक्षित स्वर नाही ; म्हणून शब्द जसाच्या तसा राहतो. 'दिवस' आणि 'मिरची' याच अटीने वाचतात, 'काच' आणि 'सोने' पहिल्या अटीने, आणि 'कल्पना', 'पत्नी', 'राजधानी' हे तिसऱ्या अटीने. 'सरोवर'मधून 'वर' काढल्यास 'सरो' उरते ; ओकार मान्य स्वरांत नसल्यामुळे तोही शब्द सुरक्षित राहतो. दुसऱ्या अटीतील विकल्प 'माळावरची' यासारख्या शब्दांसाठी आहे. येथे 'ची' काढल्यावर 'माळावर' उरते आणि त्याच्या अंती अपेक्षित स्वर नाही. परंतु 'वर' हा स्वतः प्रत्यय असून तो काढल्यावर 'माळा' हे योग्य रूप मिळते, म्हणून दोन्ही काढावयाचे. 'घरातच' यातील 'च' याच मार्गाने निघतो. 'लोकशाही' यातील 'ही' मात्र या अटींनी अडत नाही, कारण उरलेल्या 'लोकशा' या भागाच्या अंती 'आ' येतो.

जुन्या ग्रंथांच्या बाबतीत या पद्धतीचा एक अनपेक्षित लाभ होतो. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी 'घरांत' हे रूप एकवचनीही अनुस्वार देऊन लिहिले जात असे. प्रत्ययापूर्वीचा अनुस्वार शोधरूपात ठेवावयाचाच नसल्यामुळे जुने 'घरांत' आणि नवे 'घरात' ही दोन्ही 'घरा' या एकाच शोधरूपावर येतात.

४. आतील आवरण काढल्याने होणारी हानी

बाह्य आवरण उतरल्यावर 'घरा', 'शाळे', 'माळ्या', 'विहिरी' अशी सामान्यरूपे हाती राहतात. सूचीत मात्र 'घर', 'शाळा', 'माळी', 'विहीर' ही मूळ रूपेही असतात. दोहोंची गाठ घालून देण्याचा स्वाभाविक उपाय म्हणजे आणखी पुढे जाणे : अंती असलेले आ, ई, ए हे स्वर आणि 'ऱ्या', 'ळ्या' इत्यादींतील 'या' हा अंश काढून टाकणे, मूळ रूपांवरही तीच क्रिया करणे, आणि मधले दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करणे. असे केले म्हणजे 'शाळा', 'शाळे' ही 'शाळ' होतात. 'विहीर', 'विहिरी' ही 'विहिर' होतात. 'विद्यार्थी', 'विद्यार्थ्या' ही 'विद्यार्थ' होतात. 'शाळ' किंवा 'विद्यार्थ' हे शब्द कोशात नाहीत ही हरकत येथे गैरलागू आहे. शोधरूप हे एक चिन्ह आहे. एका नामाची सर्व रूपे एकाच चिन्हावर यावीत आणि दुसऱ्या नामाची येऊ नयेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. किंबहुना बाह्य यादीनेही 'बगीचा', 'बगीचे', 'बगीच्यात' ही तीनही रूपे चुकून 'बगी' होतात. पण चूक सर्वत्र सारखीच होत असल्यामुळे शोधास तिची बाधा होत नाही.

अडचण अपेक्षेच्या उत्तरार्धात आहे. न्यायशास्त्रातील संज्ञा वापरावयाच्या तर, यादी अपुरी पडल्यास अव्याप्ती होते आणि ती जास्त चालल्यास अतिव्याप्ती. आतील आवरण काढताना अतिव्याप्ती अटळ होते. कारण मराठीत अनेक नामे अंत्य स्वरानेच परस्परांपासून वेगळी राहतात. 'वाडा' आणि 'वाडी', 'माळ' आणि 'माळी', 'राजा' आणि 'राज्य' यांचा भेद तेथेच आहे. 'मूल्यांची' आणि 'मुलांची' हे दोन शब्द घ्यावेत. 'ची' आणि अनुस्वार काढल्यावर अनुक्रमे 'मूल्या' आणि 'मुला' उरतात. येथपर्यंत भेद शाबूत आहे. पुढे 'या' व 'आ' काढले, उकार ऱ्हस्व केला, म्हणजे दोहोंचे 'मुल' होते. 'मूल्य' शोधणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यास मग बालसंगोपनावरील सर्व लेख पुढे आलेले दिसतात.

या हानीचे मूळ असे आहे की, सामान्यरूपावरून मूळ रूपाकडे जाणारी वाट एकेरी नाही. 'माळ्या' हे 'माळी'चेही सामान्यरूप आहे आणि 'माळा'चेही. उलट, मूळ रूपावरून सामान्यरूपाकडे जाणारी वाट बरीच निश्चित आहे. 'माळी' या शब्दापासून 'माळ्या' होते. 'माळे' कधीच होत नाही. यंत्रास उलट्या वाटेने नेण्याऐवजी सुलट्या वाटेने न्यावे, हा यातून निघणारा सरळ निष्कर्ष होय.

म्हणून पुढील विभागणी सुचविता येते. संग्रहातील शब्दांवरून फक्त बाह्य आवरण उतरवावे आणि सामान्यरूपापाशी थांबावे. आतील आवरणाचे काम सूचीवर न करता, शोधणाऱ्याने दिलेल्या शब्दावर करावे. त्या शब्दावर प्रथम बाह्य यादी चालवावी, म्हणजे 'बगीचा'सारख्या शब्दांत दोन्ही बाजू जुळून राहतील. आणि मग त्याची संभाव्य सामान्यरूपे यंत्राने स्वतः तयार करून ती सर्व शोधावीत. त्याचे नियम असे :

शब्दाच्या अंती 'ई' असल्यास : तेच रूप, आणि ई जाऊन 'या' आलेले रूप (माळी, माळ्या).
अंती 'ए' असल्यास : तेच रूप, आणि ए जाऊन 'या' आलेले रूप (पुणे, पुण्या).
अंती 'आ' असल्यास : तेच रूप, 'या' आलेले रूप, आणि 'ए' आलेले रूप (घोडा, घोड्या, शाळा, शाळे).
अंती 'अ' असल्यास : तेच रूप, आणि 'आ', 'ए', 'ई' आलेली रूपे, उपान्त्य दीर्घ इकार वा उकार ऱ्हस्व करून (विहीर, विहिरा, विहिरे, विहिरी).

लिंग ठाऊक नसल्यामुळे शेवटच्या दोन नियमांत काही निरर्थक रूपे निर्माण होतात. 'विहिरा' हे रूप संग्रहात सापडणारच नाही, आणि जे सापडत नाही त्यापासून अपाय नाही.

५. एक उदाहरण

तीन पद्धतींची तुलना करण्यासाठी पुढील पाच वाक्ये हाच आपला संग्रह असे मानू :

(१) माळ्याने विहिरीतून पाणी काढले.
(२) जुनी कागदपत्रे माळ्यावर ठेवली होती.
(३) माळावरची विहीर आटली.
(४) माळेतला मणी हरवला.
(५) गावातल्या माळ्यांनी विहिरींची दुरुस्ती केली.

यांत बाग राखणारा माळी पहिल्या व पाचव्या वाक्यात आहे. दुसऱ्यात घराचा माळा, तिसऱ्यात उघडा माळ, आणि चौथ्यात गळ्यातील माळ आहे.

प्रत्यय मुळीच न काढता 'विहीर' शोधल्यास केवळ तिसरे वाक्य मिळते, आणि 'माळी' शोधल्यास एकही मिळत नाही. माळ्यांविषयीची दोन वाक्ये संग्रहात असून यंत्र शून्य उत्तर देते.

दोन्ही आवरणे काढल्यास 'विहीर' या शब्दास पहिले, तिसरे व पाचवे अशी तीनही योग्य वाक्ये मिळतात. या शब्दापुरती ही पद्धत निर्दोष दिसते, आणि परीक्षेसाठी असेच शब्द निवडले गेले तर ती सर्वत्र निर्दोष आहे असा भ्रम होऊ शकतो. परंतु 'माळी' शोधल्यास त्याचे शोधरूप 'माळ' होते. 'माळ्या', 'माळा', 'माळे' यांचेही तेच होते, आणि पाचही वाक्ये पुढे येतात. त्यांतील दोनच हवी होती.

आता सुचविलेली पद्धत पाहू. बाह्य आवरण उतरवून सूचीत पुढील रूपे पडतात : पहिल्या वाक्यातून 'माळ्या' व 'विहिरी', दुसऱ्यातून 'माळ्या', तिसऱ्यातून 'माळा' व 'विहीर', चौथ्यातून 'माळे', पाचव्यातून 'गावा', 'माळ्या' व 'विहिरी'. 'हरवला' यातील 'ला' निघत नाही. कारण 'हरव' याच्या अंती अपेक्षित स्वर नाही. 'विहीर' शोधताना 'विहीर' आणि 'विहिरी' ही रूपे जुळून तीनही वाक्ये मिळतात. 'माळी' शोधताना यंत्र 'माळी' आणि 'माळ्या' पाहते, आणि पहिले, दुसरे व पाचवे वाक्य देते. हवी असलेली दोन्ही वाक्ये मिळाली. नको असलेल्या तिनांपैकी दोन टळली. दुसरे वाक्य मात्र टळले नाही, आणि ते कोणत्याही प्रत्यययादीने टळणार नाही. 'माळ्यावर' या रूपात माळा आहे की माळी आहे, हे त्या रूपात लिहिलेलेच नाही. ते शेजारच्या शब्दांवरून वाचकास कळते.

६. 'त' आणि 'स' यांची परीक्षा

बाह्य यादीतही दोन प्रत्यय विशेष त्रासदायक आहेत. 'अपघात', 'जाहिरात', 'सुरुवात', 'वरात', 'गुजरात' या शब्दांच्या अंती 'आत' आहे. 'अभ्यास', 'इतिहास', 'प्रवास', 'विश्वास' यांच्या अंती 'आस' आहे. 'त' वा 'स' काढला असता उरलेल्या भागाच्या अंती 'आ' येतो, आणि वरील अटी या शब्दांना अडवीत नाहीत. 'वरात' याचे 'वरा' होते, आणि 'वराला' याचेही 'वरा' होते. म्हणून 'वर' शोधणाऱ्यास वरात मिळते. उलट 'वरातीत' याचे शोधरूप 'वराती' होते, म्हणजे वरात आपल्याच दुसऱ्या रूपापासून तुटते. अतिव्याप्ती आणि अव्याप्ती हे दोन्ही दोष एकाच शब्दात एकत्र आले.

अशा शब्दांची संरक्षक यादी करावी लागते. ती हाताने करीत बसण्याचे कारण नाही. संग्रहाकडूनच ती करवून घेता येते. खरी सप्तमी पुन्हा सामान्यरूप घेत नाही. 'घरात' यापासून 'घराताने', 'घराताचा' अशी रूपे होत नाहीत. 'अपघात' हे नाम असल्यामुळे त्यापासून 'अपघाताने', 'अपघाताचा' ही रूपे होतात. 'वरात' यापासून 'वरातीने', 'वरातीचा' होतात. तेव्हा 'आत' किंवा 'आस' अंती असलेला प्रत्येक शब्द घेऊन, त्यास आ, ई, ए यांपैकी स्वर आणि पुढे ने, ला, चा, ची, चे, च्या, त यांपैकी प्रत्यय जोडलेले एखादे रूप संग्रहात आहे की काय, हे यंत्राने पाहावे. असल्यास तो शब्द संरक्षक यादीत घालावा. विरळ आलेले शब्द या परीक्षेतून निसटतील. परंतु वारंवार येणारे, म्हणजे ज्यांच्यामुळे शोध खरोखर बिघडतो ते शब्द, बहुधा सापडतील.

इतर प्रत्ययांची तपासणी हाताने करावी लागते. प्रत्येक प्रत्ययाने ज्या शब्दांना छेद गेला, त्यांची शेवटच्या अक्षरावरून लावलेली सूची काढून तीतील पहिले शंभर शब्द वाचावेत. चुकीचा छेद एकेकटा येत नाही. सारख्या शेवटाचे शब्द एकत्र आले म्हणजे दोषाचा नमुना लगेच नजरेस पडतो.

७. मर्यादा

सुचविलेल्या पद्धतीच्या काही मर्यादा नमूद केल्या पाहिजेत. 'माणूस' याचे 'माणसा', 'पाऊस' याचे 'पावसा', 'देऊळ' याचे 'देवळा' होते. 'मुलगा' याचे 'मुला' होते. असे शब्द वरील चार नियमांत बसत नाहीत, आणि त्यांची स्वतंत्र नोंद करणे हाच उपाय आहे. 'स्त्री' हे नाम एकाक्षरी असल्यामुळे पहिल्या अटीने अडते. 'बायको', 'रेडिओ' यांसारखी ओकारान्त नामे दुसऱ्या अटीने अडतात. ती संख्येने थोडी असल्यामुळे त्यांचीही नोंद करून भागते.

विशेषनामांची गोष्ट वेगळी आहे. आज व्यक्तिनामांचे सामान्यरूप सहसा केले जात नाही. 'राहुलाने' असे न लिहिता 'राहुलने' असे लिहितात. येथे प्रत्ययापूर्वी अपेक्षित स्वर नसतो, म्हणून जी अट 'भारत' आणि 'दिवस' यांस वाचविते, तीच 'राहुलने' यातील 'ने' काढू देत नाही. व्यक्तिनामांची यादी जवळ असेल तर तेवढ्या नामांपुरती अट शिथिल करावी. सरसकट शिथिल केल्यास मिळविलेले सर्व गमावले जाईल.

क्रियापदे या यादीबाहेर ठेवली असली तरी ती यादीत शिरल्यावाचून राहत नाहीत. 'म्हणाला' यातील 'ला' निघून 'म्हणा' उरते, आणि म्हणींचा अभ्यासक 'म्हण' हा शब्द शोधू लागला की त्याच्यापुढे कथाकादंबऱ्यांतील सारे संवाद येऊन उभे राहतात. 'पाणी भरतात' यातील क्रियापदाचे 'भरता' होऊन ते 'भरत' या नावाच्या शोधात उतरते. असे अतिपरिचित क्रियारूपांचे गट संरक्षक यादीत घातले पाहिजेत.

आणि शेवटी, जे रूपातच एक आहे ते एकच राहील. 'पुण्याचा' हा शब्द पुणे शहराचा असेल किंवा पापाच्या विरुद्ध असलेल्या पुण्याचा असेल. प्रत्यययादीस ते कळण्याचा मार्ग नाही. परंतु 'मूल्य' शोधणाऱ्यास मुले मिळावीत आणि 'माळी' शोधणाऱ्यास माळ मिळावी, ही संदिग्धता भाषेत नव्हती. ती यादी जरुरीपेक्षा एक पायरी पुढे चालविल्यामुळे निर्माण झाली. म्हणून संग्रहावर चालणारी यादी सामान्यरूपापाशी थांबवावी, आणि पुढील पायरी शोधणाऱ्याच्या शब्दावर सोपवावी, हे युक्त होय.